मूल पाच वर्षांचं झालं की ताबा वडिलांकडे जातो का?

"मुलगा सहा वर्षांचा झालाय, माझ्याकडेच असतो. नवरा म्हणतो, पाचनंतर ताबा आपोआप बापाकडे जातो. खरंय का?"

नाही, ताई. आपोआप काहीच होत नाही.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 6 प्रमाणे पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं. पाचनंतर ते बापाला द्यावं, असं त्यात कुठेही नाही. बाप नैसर्गिक पालक असतो हे खरं, पण पालकत्व वेगळं आणि प्रत्यक्ष ताबा वेगळा. शिवाय कलम 13 नुसार मुलाचं हित सर्वोच्च. त्यापुढे पालकाचा हक्कही मागे पडतो.

त्यामुळे नवऱ्याचा पगार तुमच्यापेक्षा मोठा, एवढ्याने निकाल लागत नाही. त्याची भरपाई पोटगीतून होऊ शकते. न्यायाधीश बघतात ते रोजचं: डबा कोण भरतं, तापात रात्री कोण जागतं, शाळा बदलावी लागेल का. शाळेच्या डायरीवरच्या तुमच्या सह्या, डॉक्टरांचे कागद जपून ठेवा. न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये बोलूही शकतात. त्याला पढवू नका, ते लगेच कळतं.

आणि बापाची भेट अडवू नका. ते तुमच्याच विरोधात जातं, आणि लेकराला बापही हवा असतो.