माती तपासायच्या किटला नाव काय द्यावं?

प्रश्न: छोट्या शेतकऱ्यांसाठी माती तपासायचं किट बनवलंय, नावावरूनच उपयोग कळावा असं नाव सुचवा ना.

आधी एक सांगा, किट नक्की काय दाखवतं? नुसता सामू (पीएच) दाखवत असेल तर नावात खत आणू नका, लोक युरिया किती टाकू विचारतील आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

नत्र, स्फुरद, पालाश रंग जुळवून कमी-मध्यम-भरपूर असं दाखवत असेल तर माझं मत 'खतअंदाज'. कारण शेतकऱ्याला माती तपासण्याची हौस नसते हो, त्याला पोती किती आणायची ते कळायला हवं असतं, आणि रंगाच्या तक्त्यावरून कळतो तो अंदाजच, लॅबसारखा आकडा नाही, मग नावातच खरं सांगितलेलं बरं.

'मृदा' टाळा. भोपाळच्या मृदा विज्ञान संस्थेच्या किटचं नाव 'मृदापरीक्षक' आहे, अर्थ बरोबर आहे पण बांधावर कोणी मृदा म्हणतं का, माती म्हणतात.

अजून एक, 'माती तपासणी किट' एवढंच ठेवलं तर ट्रेडमार्क मिळणं अवघड, कारण १९९९ च्या कायद्यातलं कलम ९ नुसतं वर्णन करणाऱ्या नावाला सहसा अडवतं. 'खतअंदाज' पण वर्णनाकडेच झुकतं, म्हणून आधी सर्च करून वकिलाला दाखवा.

आणि छापण्याआधी बंद डबा चार-पाच शेतकऱ्यांच्या हातात द्या, फक्त नाव वाचायला लावा आणि विचारा आत काय असेल. कोणी 'खत' म्हणालं तर खाली मोठ्या अक्षरात 'माती तपासा' लिहा.