सकाळी सगळं ठीक, बायकोजवळ मात्र नाही

"वय ३१. लहानपणी एका नातेवाइकाने माझ्यावर अत्याचार केला होता. लग्नाला वर्ष झालं, पण बायकोजवळ गेलो की ताठरता येत नाही किंवा लगेच जाते. याचा त्याच्याशी संबंध असेल का? कुणाकडे जाऊ?"

असू शकतो. माझ्या बाबतीत होता, आणि हे कळायला मला पस्तिशी उजाडली.

सकाळी जाग येताना ताठरता असेल, तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा शाबूत आहेत. तरी साखर, रक्तदाब आणि टेस्टोस्टेरॉन एकदा तपासून घ्या. माझं सगळं नॉर्मल आलं. डॉक्टरांनी सिल्डेनाफिल दिली, ती कधी लागू पडायची, कधी नाही. मन घाबरलेलं असेल तर त्या गोळीचं फारसं चालत नाही. (हृदयासाठी नायट्रेटची औषधं चालू असतील तर ही गोळी जिवावर बेतू शकते. दुकानातून परस्पर घेऊ नका.)

ताठरता यायला शरीर निवांत लागतं. धोका जाणवला की अॅड्रेनलिन वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात. मला धोका कशाचा वाटायचा, हे समुपदेशक मॅडमनी वहीत लिहायला लावलं: ताठरता गेली त्याच्या क्षणभर आधी काय घडलं? चार नोंदींपैकी तीनमध्ये खोलीत अंधार होता आणि बायकोचा हात मागून मानेवर आला होता. लहानपणी ते असंच सुरू व्हायचं. तिला बिचारीला काय माहीत!

मग आम्ही दिवा चालू ठेवू लागलो. हात समोरून, दिसेल असा. मी 'थांब' म्हटलं की थांबायचं. सहा आठवडे संभोग पूर्ण बंद, फक्त स्पर्श. जमतंय का हे बघायचंच नाही म्हटल्यावर भीती हळूहळू उतरली. अजूनही एखादी रात्र बिघडते, पण आता ती का बिघडली ते मला कळतं.

आणि त्या वेळी तुमच्या शरीराने प्रतिसाद दिला असेल, तर ती निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया होती. तुमची संमती नव्हती. याच अपराधी भावनेपायी मी वीस वर्षं गप्प राहिलो.

गुप्तरोगाच्या जाहिरातवाल्यांकडे जाऊ नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा. फोनवरच विचारा: अत्याचार झालेल्या पुरुषांसोबत काम केलंय का? पहिल्याच भेटीत सगळं सांगावं लागेल का? या दुसऱ्या प्रश्नाला जाणकार माणूस 'नाही' म्हणेल. आठवण उसळली तर स्वतःला सावरायचं कसं, हे तो आधी शिकवतो. मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो ते म्हणाले, "पुरुषाला असं कुठे होतं का, विसरून जा." मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही. तुम्हीही दुसरा शोधायला कचरू नका.

जवळ कुणी नसेल, किंवा जीव नकोसा वाटला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं.

बायकोला मी एकच वाक्य सांगितलं होतं: "लहानपणी माझ्यासोबत वाईट घडलंय, त्यामुळे अंग आखडतं, तुझ्यात काही कमी नाही." ती वर्षभर स्वतःलाच दोष देत होती.