प्रश्न अर्ध्या मिनिटाचा, धास्ती दिवसभराची

"दिराचं लग्न महिन्यावर आलंय, त्याआधी सण. आठवडाभर घरात दहा-बारा माणसं असतील. कामाचं मला काही वाटत नाही. पण 'गोड बातमी कधी?' हे कोण, कधी, कुणासमोर विचारेल या विचाराने आत्तापासूनच झोप उडाली आहे. मागच्या वेळी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. नवरा म्हणतो, चार दिवस तर आहेत, हसून सोडून दे. मीच माणूसघाणी झाले आहे का?"

नाही. माणूसघाण्या माणसाला कुणीच नको असतं. तुम्हाला माणसं चालतात, एक प्रश्न सोसत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. माझ्याकडे आलेल्या एका ताईंची हकीकत सांगते. त्यांची संमती घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताईंचं वय 32, लग्नाला 6 वर्षं झालेली. दोन खोल्यांचं घर, नणंदेचं लग्न पाच आठवड्यांवर आलेलं, आणि पाहुणे नऊ दिवस राहणार होते. मधे एका सणाला तीन दिवस काही मंडळी येणार होती. मी त्यांना लगेच कोणताच सल्ला दिला नाही. एक छोटी वही ठेवायला सांगितली. दर दोन तासांनी एक ओळ लिहायची: आत्ता काय चाललंय, मी कुठे आहे, आणि मनावरचा ताण 0 ते 10 मध्ये किती.

वही परत आली तेव्हा ताईंनाच नवल वाटलं. तीन दिवसांत तो प्रश्न विचारला गेला होता फक्त चार वेळा, आणि प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटात विषय संपला होता. त्या क्षणी ताण 8. पण बाकीच्या वेळी, कुणी काही विचारत नसतानाही, तो सकाळपासून रात्रीपर्यंत 6 च्या खाली आलाच नव्हता. दाराची बेल वाजली, 7. शेजारच्या खोलीतून आत्यांचा आवाज आला, 7. दुपारी सगळे आडवे झाले आणि ताईंना पाठ टेकायलाही जागा उरली नाही, तेव्हाही 7. रात्री साडेअकरा ते दीड, "मी असं म्हणायला हवं होतं" याची उजळणी.

म्हणजे त्यांना थकवत होती ती वाट बघणं. मन पहारा देत होतं. पहारेकऱ्याच्या समोर चोर आला नाही म्हणून काही त्याची रात्र झोपेत जात नाही.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली. ताई तीनही दिवस जवळपास पूर्ण वेळ स्वयंपाकघरात होत्या. कुणी "बस गं जरा" म्हटलं तरी बसल्या नव्हत्या. त्यांना वाटायचं, कामात असलं की प्रश्न टळतो. पण चारपैकी तीन प्रश्न स्वयंपाकघरातच आले होते, कारण एकटी सापडलेली सून तिथेच भेटते आणि खासगी विषय काढायला मोठ्या बायकांना तीच जागा सोयीची वाटते. लपायची जागाच सापडायची जागा झाली होती, आणि वर शरीर दमत होतं ते वेगळंच.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, हा प्रश्न इतका का लागतो? "वय झालंय", "लोक काय म्हणतील" असं काहीबाही बोलून झालं. मग बराच वेळ शांतता. आठ महिन्यांपूर्वी, दहाव्या आठवड्यात, त्यांचा गर्भपात झाला होता. घरात कुणालाही माहीत नव्हतं. नवऱ्याने दवाखान्यातून परतताना "आता पुढचं बघू" म्हटलं आणि त्यानंतर तो विषय दोघांत एकदाही निघाला नव्हता. आणि प्रत्येक आत्या, काकू, मावशीला ताईंचं ठरलेलं उत्तर होतं, "अजून विचार नाही केला." त्या मला म्हणाल्या, "दर वेळी मला वाटतं, ते झालंच नव्हतं असं मी सांगतेय."

हे कळल्यावर कामाची दिशाच बदलली. विचारणाऱ्याला कसं गप्प करायचं हा मुद्दा मागे पडला. आधी हवं होतं ते खोटं नसलेलं एक उत्तर, आणि त्याच्याही आधी त्या दुःखाला घरात निदान एक साथीदार.

पुढच्या भेटीला नवरा आला. तो वाईट माणूस नव्हता. "हसून सोडून दे" हे तो स्वतःलाच सांगत आला होता. त्याच्या आत्या, काका, मामा त्याला हा प्रश्न कधी विचारतच नसत, कारण सगळे तिच्याकडे जायचे. त्यामुळे तिला किती वेळा ऐकावं लागतं याचा त्याला अंदाजच नव्हता. मी त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने ती दोनदा वाचली आणि तोही रडला. ताईंनी त्याला या विषयावर रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या. ज्याचे नातेवाईक, त्याने उत्तर द्यायचं, बायको समोर असली तरी. आणि सासूबाईंना गर्भपाताबद्दल आधीच सांगायचं, तेही मुलानेच. यावर दोघांत आठवडाभर वाद झाला आणि तो योग्यच होता. सगळ्याच सासूबाईंना सांगावं असं माझं मत नाही. ज्या व्यक्तीच्या पोटात गोष्ट राहते आणि जी ती पुढे टोमण्यासाठी वापरणार नाही, अशाच व्यक्तीला सांगावं. या घरात ते जमण्यासारखं होतं. सासूबाई ऐकून गप्प राहिल्या, पण लग्नघरात त्यांनी स्वयंपाकघरात ताईंना एकटं सोडलं नाही.

मग उत्तर. आम्ही एकच वाक्य ठरवलं: "आत्या, सांगण्यासारखं झालं की आम्ही दोघंच तुम्हाला सांगू." यात खोटं काही नाही, खुलासाही नाही, आणि मान ठेवलेला आहे. हे वाक्य लिहून दिलं असतं तर उपयोग झाला नसता. मी आत्या झाले आणि ताईंनी ते सात-आठ वेळा मोठ्याने म्हटलं. पहिल्या वेळी वाक्याच्या शेवटी आवाज वर गेला, जणू परवानगी मागताहेत. दुसऱ्या वेळी ओशाळं हसू आलं. ते हसू मोठी माणसं बरोबर ओळखतात आणि पुढचा प्रश्न टाकतात. सहाव्या वेळी वाक्य खाली येऊन थांबलं.

तरी पहिला प्रयत्न फसला. लग्नघराच्या दुसऱ्याच दिवशी भरल्या खोलीत प्रश्न आला. नवरा बाहेर गेला होता. ताईंनी वाक्य म्हटलं. आत्या म्हणाल्या, "अगं, आम्ही काय परके आहोत?" आणि ताई खुलासा करू लागल्या: नोकरी, जागा, डॉक्टर. प्रत्येक खुलाशातून नवा प्रश्न निघाला. दहा मिनिटांनी त्यांच्या हातात दोन डॉक्टरांचे नंबर होते आणि डोळ्यांत पाणी.

रात्री त्यांचा फोन आला. मी एवढंच सांगितलं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही पहिलंच वाक्य असतं, आणि तिसऱ्याचंही. "परके नाहीच तुम्ही, म्हणून तर आम्हीच सांगू." नवी माहिती मिळाली नाही की विचारणाऱ्याला पुढे जायला वाट सापडत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा तोच प्रसंग. ताईंनी वाक्य दोनदा म्हटलं, नवऱ्यानेही "आत्या, हे तू मला विचार" म्हणत मधे उडी घेतली. आत्या फुगल्या. "मोठी झालीस हो," एवढं म्हणून उठून गेल्या. वहीत 9 ची नोंद आहे. त्याखाली, पंधरा मिनिटांनंतर, 4.

ही नोंद मला सगळ्यात मोलाची वाटते. कुणी नाराज झालं की ताण आधी चढतोच, आणि तिथेच बहुतेक जणी घाबरून खुलाशाकडे वळतात. थोडं थांबलं तर तो आपोआप उतरतो. आत्या संध्याकाळी बोलायला लागल्याही होत्या, पण त्या बोलल्या नसत्या तरी ती नोंद तशीच राहिली असती.

विश्रांतीबद्दलही सांगायला हवं, कारण गर्दीच्या घरात ती मागितल्याशिवाय मिळत नाही. ताई आधी सहनशक्ती संपली की बाथरूममध्ये जायच्या. लोकांना वाटायचं रुसली, आणि त्यांच्या स्वतःच्या मनात ठसायचं की मला हे सोसवत नाही. आम्ही ते उलटं केलं. रोज दुपारी तीन वाजता, बरं वाटत असो वा नसो, वीस मिनिटं गच्चीवर. नवऱ्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, "ती तीनला जरा वर जाते." ठरल्या वेळची गोष्ट कुणाला खटकत नाही. खवळलेलं शरीर निवायलाही साधारण तेवढा वेळ लागतोच. मात्र वर जाऊन फोनवर आत्यांचीच तक्रार केली तर ती वीस मिनिटं वाया जातात. पहिल्या दिवशी तसंच झालं होतं.

रात्रीची उजळणी पूर्ण थांबली नाही. दोन तासांची अर्ध्या तासावर आली. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

हा मार्ग सगळ्यांसाठी नाही. उत्तर न दिल्याने घरात मारहाण किंवा धमकी होणार असेल, तर हे वाक्य म्हणू नका. तिथे आधी तुमच्या सुरक्षिततेची सोय व्हायला हवी. पाहुणे गेल्यावर काही दिवसांत ताण उतरायला हवा. दोन आठवडे उलटूनही झोप, भूक, कामातलं लक्ष जागेवर आलं नाही, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. आणि जगणं नको असं मनात आलं, तर पाहुणे जायची वाट बघू नका. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

तुमच्या प्रश्नाखाली काय आहे ते मला माहीत नाही. ताईंसारखं काही असेल, उपचार चालू असतील, मूल नकोच असेल किंवा नुसता कंटाळा आला असेल. ते आधी स्वतःशी नीट ओळखा, कारण तुमचं वाक्य त्यातून निघेल आणि ते ताईंच्या वाक्याहून वेगळं असू शकतं. मग नवऱ्याशी बोला, याच आठवड्यात, पाहुणे येतील त्या रात्री नव्हे. "मला समजून घे" म्हटलं तर तो "घेतो की" म्हणेल आणि विषय तिथेच राहील. त्याऐवजी नेमकं काम द्या: "तुझ्या माणसांनी विचारलं की तू उत्तर द्यायचंस, मी तिथे असले तरी. काय म्हणशील, आत्ता म्हणून दाखव."