१६ जीबीची एकच स्टिक घेऊ नका

प्रश्न: रायझन ५ ५५००, ए५२०एम बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ ३२०० (एकच स्टिक), आरटीएक्स ४०६०, ५०० जीबी एनव्हीएमई, ७५० वॅट गोल्ड पीएसयू, मॉनिटर फुल एचडी १४४ हर्ट्झ. बॅलन्स्ड आहे का? बॉटलनेक तर होणार नाही ना?

कार्ड बरोबर निवडलंय. घोळ रॅममध्ये आहे. "आत्ता एकच १६ ची घ्या, नंतर दुसरी टाकता येईल" हे दुकानातलं वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते. ८ च्या दोन लावल्या की तोच आकडा ५१.२. त्यात ५५०० मध्ये एल३ कॅश फक्त १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. कॅश लहान म्हणजे प्रोसेसरला रॅमकडे जास्त खेपा, आणि तुम्ही त्याला रस्ताही एकपदरी देताय. फुल एचडीवर कार्डावर भार कमी असतो, त्यामुळे १४४ फ्रेम गाठायच्या तर प्रोसेसर आणि रॅमच आधी दमतात. सरासरी एफपीएस ठीक दिसतो, पण गर्दीच्या सीनमध्ये गेम अडखळतो.

हे ओळखायचं कसं? गेम चालू असताना कार्डाचा वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतो आणि सेटिंग लो केली तरी फ्रेम वाढत नाहीत. एकूण सीपीयू ५० टक्केच दिसतो म्हणून निवांत होऊ नका, एखादा थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा कमीच दिसतो. मग Task Manager मध्ये Performance, तिथे Memory उघडा. Slots used समोर 1 of 2 असेल तर दुखणं तिथेच. Speed समोर 2133 किंवा 2400 असेल तर बायोसमध्ये XMP (काही बोर्डांवर DOCP) चालू करायचं राहिलंय. दोन स्टिक असूनही हे राहून जातं.

आणि ते "नंतर" म्हणजे काय, तर वर्षभराने त्याच मॉडेलची स्टिक घेतली तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. मग XMP लावलं की मशीन सुरूच होत नाही, किंवा गेम मध्येच बंद पडतो. ८ च्या दोन एकाच किटमध्ये घ्या. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा.

पैसे पीएसयूतून काढा. कार्ड ११५ वॅटचं, प्रोसेसर ६५ वॅटचा, चांगल्या कंपनीचा ५५० वॅट भरपूर झाला. वाचलेल्यात ५६०० बसत असेल तर घ्याच.

एक राहिलं. ४०६० आठच लेन वापरतं आणि ए५२० वर त्या पीसीआयई ३.० च्या मिळतात, प्रोसेसर कुठलाही लावा. कार्डाची ८ जीबी मेमरी भरेपर्यंत फारसं जाणवत नाही, भरली की झटके बसतात, तेव्हा टेक्श्चर अल्ट्रावरून हायवर आणा. बॉटलनेक कॅल्क्युलेटरच्या साइट मात्र बघू नका, त्यात रॅमच्या स्टिक किती हे बहुतेक ठिकाणी विचारतच नाहीत.