दंडाचे पैसे नाहीत म्हणून भाऊ अजून आत

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला घरफोडीच्या केसमध्ये भादंवि ४५७ आणि ३८० खाली प्रत्येकी दोन वर्षं सक्तमजुरी झाली, दोन्ही एकत्र भोगायच्या. शिवाय प्रत्येक कलमाला ६,००० रुपये दंड आणि दंड न भरल्यास तीन महिने साधी कैद. निकालाआधी तो वीस महिने आतच होता. दोन वर्षं पुरी होऊन दीड महिना झाला तरी सुटका नाही. जेलवाले म्हणतात, दंडाचे सहा महिने बाकी. आमच्याकडे कसेबसे पाच हजार आहेत. गावातला सावकार बाकीचे द्यायला तयार आहे. लोक असंही म्हणतात, कैद भोगली तरी दंडासाठी घरावर जप्ती येते. काय करू? – एक बहीण, परभणी जिल्हा

ताई, जेलवाल्यांचा हिशोब बरोबर आहे. दोन गोष्टींमुळे तो तुम्हाला चुकीचा वाटतो. निकालाआधीची कच्ची कैद मूळ शिक्षेतून वजा होते, तशी ती तुमच्या भावाच्या दोन वर्षांतून झालीच. पण दंडाच्या कैदेतून ती वजा होत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्येच तसं लिहिलं आहे, आणि नव्या संहितेच्या कलम ४६८ मध्येही तेच आहे. दुसरं, मूळ शिक्षा एकत्र चालल्या म्हणून दंडाच्या कैदा एकत्र चालत नाहीत. महाराष्ट्रातल्याच एका मोक्का खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. म्हणून आधी एका कलमाचे तीन महिने, मग दुसऱ्याचे तीन.

मात्र ‘सगळा दंड भरा, नाहीतर सगळे सहा महिने काढा’ असं जे तुम्हाला वाटतंय, ते खरं नाही. भादंवि कलम ६८ प्रमाणे दंड भरला त्या क्षणी ही कैद संपते. आणि कलम ६९ प्रमाणे काही दंड भरला असेल, तर न भरलेल्या भागाच्या प्रमाणात कैद झाली की माणूस सुटतो. ६,००० ला तीन महिने, म्हणजे महिन्याला २,००० रुपये. भावाने दीड महिना काढला, म्हणजे पहिल्या कलमाचे ३,००० वळते झाले. आज उरले त्यातले ३,००० आणि दुसऱ्या कलमाचे ६,०००, एकूण ९,०००. हा आकडा दर पंधरा दिवसांनी हजाराने खाली येतो.

आता तुमचे पाच हजार. ते आज भरले तर ३,००० मध्ये पहिलं कलम मिटेल, उरलेल्या २,००० मुळे दुसऱ्याचा एक महिना कमी होईल आणि भाऊ दोन महिन्यांनी बाहेर येईल. तेच पाच हजार दोन महिने घरात ठेवून मग भरले, तरी तो त्याच दिवशी बाहेर येईल, कारण तोवर बाकी पाच हजारांवरच आलेली असेल. म्हणजे आज भरण्यात दिवसाचाही फायदा नाही. फायदा आहे तो थांबण्यात, कारण मधल्या काळात हे पैसे सरकारकडून मिळण्याची वाट आहे.

केंद्राने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी मदतीची योजना आणली. तिच्यात शिक्षा झालेल्या कैद्याचा २५,००० रुपयांपर्यंतचा दंड जिल्ह्याची समिती मंजूर करू शकते आणि पैसे थेट कोर्टात भरले जातात. नियम असा, की दंडामुळे कैदी अडकला असेल तर कारागृह अधीक्षकांनी सात दिवसांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, त्यांनी सात दिवसांत घरची परिस्थिती तपासायची आणि मग प्रकरण समितीपुढे जायचं. प्रत्यक्षात कुणी विचारल्याशिवाय हा कागद हलत नाही. भावाला तुरुंगातून अधीक्षकांकडे अर्ज द्यायला सांगा आणि तुम्ही स्वतः जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात दुसरा अर्ज द्या. सोबत निकालपत्राची प्रत, रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडा. अर्जावर पोच घ्या. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, तोही तिथेच मागा.

समितीचं महिन्या-दीड महिन्यात जमलं नाही, तर पाच हजार तुमच्या हाताशी आहेतच. दोन महिने भरायच्या तीन-चार दिवस आधी शिक्षा देणाऱ्या कोर्टात जा, त्या दिवशी नेमकी बाकी किती हे जेलकडून लिहून आणा आणि नाझराकडे रक्कम भरा. पावतीवर कोणत्या कलमाचे किती हे लिहून घ्या. बिनकलमाच्या एकरकमी पावतीवरून जेलच्या खिडकीत वाद झालेले मी पाहिले आहेत. कोर्टाचं पत्र जेलला पोचल्याशिवाय सुटका होत नाही, म्हणून ते पत्र निघालं का, हे त्याच दिवशी पाहा. भावाच्या खात्यावर तुरुंगातल्या कामाची मजुरी जमा असेल, तर ती दंडाकडे वळवायचा अर्जही त्याने अधीक्षकांना द्यावा.

सावकाराचे चार हजार घेतले तर भाऊ दोन महिने आधी सुटेल, हे खरं. ऊसतोडीचा किंवा पेरणीचा हंगाम तोंडावर असेल तर तुमचा हिशोब वेगळा निघेल, तो तुम्हीच करा. पण समितीचा निर्णय येण्याआधी व्याजाचे पैसे घेऊ नका, एवढंच माझं मत.

जाता जाता एक सांगतो. महिन्याला दोन हजार म्हणजे दिवसाला साधारण ६७ रुपये. तुमचा भाऊ बाहेर मजुरीला गेला असता, तर याहून कितीतरी जास्त कमावून त्याने दंड भरला असता. दंड ठरवताना आरोपीची ऐपत पाहावी असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. २००७ च्या एका निकालात एक लाख दंडासाठीची तीन वर्षांची कैद त्याने सहा महिन्यांवर आणली. पण शिक्षेवर बोलायची वेळ येते तेव्हा वकील ‘मुदत कमी करा’ म्हणतो आणि दंडाबद्दल एक शब्द काढत नाही. आरोपी काय कमावतो हे मॅजिस्ट्रेटला कळतच नाही. अपिलात ही कैद कमी करून मागता येते, पण मुदत टळून गेली आहे, आणि उशीर माफ करून सुनावणी होईतो हे महिने संपतील. तुमच्या बाबतीत मी त्यात पडणार नाही. हप्त्यांची सवलत आहे ती फक्त दंडाचीच शिक्षा झालेल्यांना, ती इथे लागू नाही.

घराच्या जप्तीचं लोक सांगतात तेवढं खरं नाही. दंडाची पूर्ण कैद भोगल्यावर कोर्ट वसुलीचं वॉरंट सहसा काढू शकत नाही. विशेष कारणं लेखी नोंदवावी लागतात. अपवाद एकच, दंडातून खर्च किंवा भरपाई द्यायचा आदेश असेल तर. निकालपत्राचं शेवटचं पान वाचा. तिथे कलम ३५७ चा उल्लेख नसेल तर घराची काळजी सोडा.

आणि पैसे भरायच्या आधी जेलमध्ये हे नक्की विचारा, की दुसऱ्या कुठल्या केसमध्ये भावाला कोर्टापुढे हजर करायचं प्रॉडक्शन वॉरंट जेलकडे आहे का. घरफोडीच्या आरोपीला दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या गुन्ह्यातही दाखवलेलं असतं. तसं असेल तर हा दंड भरूनही तो गेटबाहेर येणार नाही, आणि आधी त्या केसचा जामीन पाहावा लागेल.