सिलेंडरची ‘क्लोज लेंग्थ’ म्हणजे कुठून कुठपर्यंत?

प्रश्न: ‘हायड्रॉलिक सिलेंडरच्या ड्रॉइंगवर क्लोज लेंग्थ असं कुठेच लिहिलेलं नाही. XC + स्ट्रोक असं एक माप आहे, रॉड एंडचं माप वेगळ्या पानावर आहे. आमच्याकडे कोणी बंद लांबी म्हणतं, कोणी पिन टू पिन. दोन्ही एकच का? आणि ती काढायची कशी?’

दोन्ही एकच असतात, पण फक्त दोन्ही टोकांना पिन असेल तेव्हाच. रॉड पूर्ण आत गेलेला असताना मागच्या पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे क्लोज लेंग्थ. सिलेंडर मागच्या फ्लँजवर बसवला असेल तर तिथे पिनच नसते. मग अंतर फ्लँजच्या बसणाऱ्या तोंडापासून मोजायचं, आणि ‘पिन टू पिन’ म्हणणं चुकीचं ठरतं. मराठीत मला ‘मिटलेली लांबी’ बरं वाटतं, कारण ‘सिलेंडर बंद आहे’ म्हटलं की शॉपवर तो बिघडलाय असाच अर्थ घेतात. अर्थात रोजच्या बोलण्यात ‘क्लोज लेंग्थ’ इतकी मुरली आहे की ती काढून टाकायचा हट्ट कोणी धरू नये.

खरी मेख XC मध्ये आहे. आयएसओ ६०२०-२ प्रमाणे बनवलेल्या टाय रॉड सिलेंडरच्या ड्रॉइंगवर XC चा एक बाण मागच्या पिनच्या मध्यावर टेकतो. दुसरा बाण पुढच्या पिनवर टेकत नाही, तो रॉडच्या खांद्यावर थांबतो. खांदा म्हणजे रॉडचा पूर्ण व्यास संपून आटे सुरू होतात ती पायरी. सिलेंडरवाल्याचं काम तिथे संपतं, कारण पुढे आय लावायची, फोर्क लावायचा की सरळ मशीनच्या भागात आटे घालायचे हे गिऱ्हाईक ठरवतं. म्हणून रॉड एंडचं माप वेगळ्या पानावर. ‘XC + स्ट्रोक’ हीच क्लोज लेंग्थ समजून ब्रॅकेट वेल्ड केले, तर अख्ख्या रॉड एंडएवढी लांबी कमी पडते आणि सिलेंडर मिटला तरी पिन भोकात जात नाही.

एक उदाहरण पूर्ण करू. ६३ बोअर, २८ रॉड, मागे फिक्स्ड क्लेव्हिस, स्ट्रोक ४००. या बोअरला XC आहे २००. तोही दोन मापांचा मिळून बनतो: रॉडच्या खांद्यापासून मागच्या कॅपच्या तोंडापर्यंत १६८, आणि तिथून पिनच्या मध्यापर्यंत ३२. २८ च्या रॉडवर आटे एम २० × १.५, लांबी २८. त्यावर बसणाऱ्या फोर्कचं, तोंडापासून पिनच्या मध्यापर्यंतचं माप CE ६० धरू. तुमच्या हातातल्या पानावर जे असेल ते घ्या.

मिटलेली लांबी = XC + स्ट्रोक + CE = २०० + ४०० + ६० = ६६०
उघडलेली लांबी = ६६० + ४०० = १०६०

आट्यांचे २८ यात कुठेच आले नाहीत, आणि यायलाही नकोत. आटे फोर्कच्या पोटात जातात आणि फोर्कचं तोंड रॉडच्या खांद्याला टेकतं. ड्रॉइंगवर दिसतंय म्हणून ते माप धरलं की उत्तर ६८८ येतं. ही चूक पहिल्या चुकीपेक्षा छुपी असते. दोन्ही चुका दिसायला ‘जवळपास बरोबर’ असतात, त्यामुळे ऑर्डर जाईपर्यंत कोणाला शंका येत नाही.

फोर्क खांद्याला टेकलेला नसेल तर मात्र हिशेब बदलतो. मागे चेक नट लावायचा असेल तर फोर्क तेवढा पुढे सरकतो. त्यासाठी रॉडवर आटेही जास्त लांब करून घ्यावे लागतात. जुळवणी करताना फोर्क सैल केला तर प्रत्येक फेऱ्याला १.५ मिलिमीटर लांबी वाढते. पण फोर्कमध्ये पिनची दिशा जुळावी लागते, म्हणून रॉड फिरवता येत नसेल तर अर्ध्या फेऱ्याच्या पटीतच थांबता येतं. बारीक जुळवणीसाठी हा मार्ग ठीक आहे. चुकलेल्या ऑर्डरची भरपाई आट्यांवर करू नये. पकडीत आटे कमी राहिले की ते सोलून निघतात.

आता मशीन डिझाइन करणाऱ्याच्या बाजूने बघू. त्याच्याकडे असतात दोन अंतरं, मिटल्यावरचं आणि उघडल्यावरचं. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. मिटलेल्या अंतरातून स्ट्रोक वजा केला की राहते ती डेड लेंग्थ, म्हणजे पिस्टन, ग्लँड, कॅप, आय यांनी खाल्लेली जागा. वरच्या सिलेंडरची डेड लेंग्थ २६०. समजा मशीनवर मिटलेलं अंतर ६४० आणि उघडलेलं १०६० हवं आहे. स्ट्रोक झाला ४२०, उरले २२०. आपल्या सिलेंडरला २६० लागतात, म्हणजे हा सिलेंडर तिथे बसणारच नाही, स्ट्रोक काहीही मागवा. ६४० कायम ठेवलं तर स्ट्रोक ३८० च्या वर जात नाही आणि उघडलेली लांबी १०२० वर थांबते. उरलेल्या ४० साठी पिनची जागा तरी हलवा, नाहीतर आखूड बांधणीचा वेल्डेड सिलेंडर शोधा. हा ताळा ड्रॉइंग मागवण्याआधी करायचा, नंतर नाही.

लांब स्ट्रोकच्या सिलेंडरात कधी कधी पिस्टन आणि ग्लँडच्या मध्ये स्टॉप ट्यूब असते, रॉड पूर्ण बाहेर असताना बेअरिंगवर आडवा भार कमी यावा म्हणून. ती ५० ची असेल तर कामाचा स्ट्रोक ४०० च राहतो, पण सिलेंडरची ट्यूब ४५० च्या हिशेबाने कापावी लागते. सूत्रात ‘स्ट्रोक’ च्या जागी तेव्हा ४५० घालायचे. मिटलेली लांबी ७१० होते आणि उघडलेली १११०, कारण बाहेर मात्र ४०० च येणार. स्टॉप ट्यूबचा उल्लेख बहुतेक वेळा मापांच्या चित्रात नसतो, टिपेत किंवा ऑर्डर कोडात असतो. तिथे नजर टाकाच.

ट्रनियनवर लटकणाऱ्या सिलेंडरात तर स्ट्रोक मिटलेल्या लांबीत येईलच असं नाही. ट्रनियन पुढच्या हेडवर असेल तर तो आणि रॉडचा खांदा यांच्यातलं अंतर १०० स्ट्रोकला जेवढं, तेवढंच १००० ला. मधल्या ट्रनियनची जागा आपणच ऑर्डरमध्ये द्यायची असते. म्हणून आधी माउंटिंग कुठलं ते बघायचं, मग सूत्राला हात घालायचा.

जुना सिलेंडर मोजून ड्रॉइंगशी ताडायचा असेल तर आधी दोन्ही पोर्टचे प्लग काढा. आत तेल अडकलं असेल तर रॉड तळाला टेकत नाही आणि माप जास्त भरतं. वरच्या उदाहरणात दोन्ही पिना २० च्याच आहेत, तेव्हा मध्य शोधत बसायची गरज नाही: एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत टेप धरा, तेच सेंटर टू सेंटर. बुश झिजून भोक लांबट झालं असेल तर त्या मापावर नवा सिलेंडर मागवू नका. ब्रॅकेटच्या भोकांतलं अंतर घ्या.