जीएसटी खरेदी-विक्रीच्या खात्यात मिसळू नको

अरे, ११,८०० चं बिल आलं म्हणून सगळेच खरेदीला टाकायचे नसतात. वायर-स्विचचा माल १०,००० चा, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खरेदी १०,००० डेबिट, इनपुट सीजीएसटी ९०० आणि इनपुट एसजीएसटी ९०० डेबिट, अन् व्यापाऱ्याच्या खात्याला ११,८०० क्रेडिट. तोच माल १५,००० ला विकलास तर गिऱ्हाईकाकडून १७,७०० येतात, पण विक्रीला १५,००० च क्रेडिट करायचे, वरचे १,३५० + १,३५० आउटपुट सीजीएसटी-एसजीएसटीला, कारण ते पैसे सरकारचे, आपल्या गल्ल्यात नुसते मुक्कामाला आलेत.

महिनाअखेरीला आउटपुट सीजीएसटी १,३५० डेबिट, इनपुट सीजीएसटी ९०० क्रेडिट आणि राहिलेले ४५० देय जीएसटीला क्रेडिट. एसजीएसटीचं पण तसंच, पण वेगळं कर हां, सीजीएसटीचं इनपुट क्रेडिट एसजीएसटी भरायला चालत नाही. चलन भरलं की देय जीएसटी ९०० डेबिट, बँक क्रेडिट.

इनपुट वळतं करण्याआधी जीएसटी पोर्टलवरचं इनपुटचं पत्रक GSTR-2B उघडून बघच, समोरच्याने बिल अपलोड केलं नसेल तर ते ९०० + ९०० या महिन्यात मिळणार नाहीत, इनपुट खात्यातच पडून राहू दे. आणि कंपोझिशन योजनेत असशील तर इनपुट क्रेडिटच नाही, मग मात्र पूर्ण ११,८०० खरेदीलाच.